ब्रॅकेटसाठी मटेरियल कसं निवडायचं: ताठपणा, वजन आणि खर्च यांचा चार्टवरून हिशेब

कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही लेझर कटिंगच्या शॉपमध्ये थोडा वेळ उभं राहिलं तर ही मागणी ऐकू येतेच: "हा ब्रॅकेट तीन एमएमच्या एमएसमध्ये आहे. हलका पाहिजे. अ‍ॅल्युमिनिअममध्ये काढून द्या." शॉपवाला तीच फाइल अ‍ॅल्युमिनिअमच्या तीन एमएम पत्र्यावर चालवतो. ब्रॅकेट एक तृतीयांश वजनाचा होतो, आणि त्याच भाराखाली तिप्पट वाकतो. मग वेल्डिंग करून पट्टी मारली जाते आणि वाचलेलं वजन तिथेच परत येतं.

मटेरियल बदललं की जाडीही बदलावी लागते. किती बदलायची आणि बदलून खरंच फायदा होतो का, हे मटेरियल चार्टवरून अर्ध्या तासात कळतं. डिप्लोमा किंवा बीई करून नुकतेच डिझाइनला लागलेल्यांना हे चार्ट पुस्तकात दिसलेले असतात. ते खऱ्या ब्रॅकेटवर कसे लावायचे, ते इथे एकाच उदाहरणातून सांगतो. नेटवर शोधायचं असेल तर 'अ‍ॅशबी चार्ट' या नावाने ते सापडतात.

उदाहरण असं: उसावर फवारणी करणाऱ्या ड्रोनच्या हाताला खालून नोझलचा ब्रॅकेट लावायचा आहे. ब्रॅकेट हातापासून १५० मिमी बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला नोझल, छोटी मोटर आणि पाइप मिळून अर्धा किलो वजन आहे. रुंदी ५० मिमी ठरलेली आहे, कारण एका बाजूला ड्रोनच्या हाताचे बोल्ट आणि दुसऱ्या बाजूला नोझलचा क्लॅम्प त्याच मापाचे आहेत. असे चार ब्रॅकेट एका ड्रोनला लागतात.

## सुरुवातीला जवळ काय हवं

- वापरायच्या प्रत्येक मटेरियलची डेटाशीट. त्यातले दोनच आकडे आधी लागतात: यंग्ज मॉड्युलस (E) आणि घनता (ρ).
- पत्रा विकणाऱ्याकडून उपलब्ध जाड्यांची यादी आणि किलोचा भाव, लेखी.
- लेझर, बेंडिंग आणि कोटिंगचं नगावर कोटेशन.
- एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क.
- शेवटच्या तपासणीसाठी डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड आणि दोन किलोचं वजन.

ड्रोनला टाइप सर्टिफिकेट असेल तर स्वतः बनवलेला भाग बसवण्याआधी निर्मात्याशी बोलून घ्या. हे काम आधी करायचं आहे, ब्रॅकेट तयार झाल्यावर नाही.

## १. ब्रॅकेटचं काम चार ओळींत लिहा

कागदावर चार ओळी लिहायच्या. काम काय आहे, कोणती अट मोडून चालणार नाही, कमी काय करायचं आहे, आणि तुमच्या हातात काय मोकळं आहे.

आपल्या ब्रॅकेटसाठी: काम, एका टोकाला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकाला भार घेणारी पट्टी. अट, २० न्यूटन भाराखाली टोक १ मिमीपेक्षा जास्त खाली जाऊ नये. कमी करायचं ते वजन, आणि त्यानंतर खर्च. मोकळी आहे ती फक्त जाडी, कारण लांबी आणि रुंदी ठरलेली आहे.

२० न्यूटन कुठून आले? अर्धा किलो म्हणजे साधारण ५ न्यूटन. ड्रोन धपकन उतरला तर धक्क्याचा भार त्याच्या काही पट होतो. मोजलेला आकडा नसेल तेव्हा मी चार पट धरतो. तुमच्याकडे खरं मोजमाप असेल तर तेच वापरा.

चौथ्या ओळीकडे, म्हणजे मोकळं काय आहे याकडे, बहुतेक जण दुर्लक्ष करतात. खरं तर चार्टवर कोणती रेघ मारायची ते तीच ओळ ठरवते.

## २. मोकळ्या मापावरून निर्देशांक काढा

पट्टीचा ताठपणा आणि वजन यांची सूत्रं सेकंड इयरची आहेत. S म्हणजे हवा असलेला ताठपणा, आपल्यासाठी २० न्यूटन प्रति मिमी. L लांबी, b रुंदी, t जाडी.

```
S = E·b·t³ / (4·L³)
m = L·b·t·ρ
```

पहिल्या सूत्रातून t काढून दुसऱ्यात घातला की जाडी निघून जाते आणि हे उरतं:

```
m = L·b·(4·S·L³/b)^(1/3) · ρ / E^(1/3)
```

यात मटेरियलशी संबंधित तुकडा शेवटचा आहे. वजन कमी करायचं तर `E^(1/3)/ρ` जास्तीत जास्त हवा. हाच आपला निर्देशांक.

आता मुख्य सापळा. नेटवर 'स्पेसिफिक स्टिफनेस' म्हणून बहुतेक ठिकाणी `E/ρ` दिलेला असतो आणि नवीन माणूस तोच वापरतो. तो ताणाखालच्या रॉडसाठी बरोबर आहे. बाहेरचं माप ठरलेल्या आणि फक्त भिंतीची जाडी मोकळी असलेल्या पातळ नळीलाही तो लागू पडतो. त्या हिशेबात स्टील २७, अ‍ॅल्युमिनिअम २६, टायटॅनिअम २६ आणि मॅग्नेशिअम २५ येतं. म्हणजे चौघं जवळजवळ सारखे, आणि 'मग स्टीलच बरं' असा निष्कर्ष निघतो. पट्टीच्या ब्रॅकेटला तो लागू नाही. रुंदी आणि जाडी दोन्ही एकत्र मोकळ्या असलेल्या भरीव चौकोनी दांड्यासाठी निर्देशांक `E^(1/2)/ρ` असतो. जाडीच मोकळी असलेल्या पट्टीसाठी घनमूळ येतं, कारण पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. त्यामुळे हलक्या मटेरियलला जाड होण्याचा मोठा फायदा मिळतो.

## ३. चार्टवर रेघ मारा

चार्टवर आडव्या अक्षावर घनता आणि उभ्या अक्षावर E असतो, आणि दोन्ही अक्ष लॉग स्केलवर असतात. प्रत्येक मटेरियलचा एक फुगा दिसतो. धातू वर उजवीकडे, प्लॅस्टिक खाली मध्यावर, लाकूड डावीकडे, कार्बन फायबर वरच्या बाजूला पण धातूंच्या डावीकडे.

लॉग स्केलवर `E^(1/3)/ρ` ही सरळ रेघ होते आणि तिचा चढ ३ असतो. घनता दहापट झाली की E हजारपट, अशी ती रेघ. हा चढ कायम ठेवून रेघ वर डावीकडे सरकवत न्यायची. शेवटी जी मटेरियल रेघेच्या वर उरतात ती त्या कामासाठी सर्वांत हलकी.

छापील चार्टवर पट्टीने हे होतं, पण मी एक्सेलमध्येच करतो, कारण छापील चार्टवरचे फुगे मोठे असतात आणि तुम्हाला मिळणारा पत्रा त्या फुग्यात नेमका कुठे बसतो ते कळत नाही. 'बी' कॉलममध्ये E गिगापास्कलमध्ये आणि 'सी' कॉलममध्ये घनता ग्रॅम प्रति घन सेंमीमध्ये भरा. निर्देशांकासाठी:

```
=B2^(1/3)/C2
```

स्कॅटर चार्ट काढून दोन्ही अक्षांना लॉग स्केल लावा. एकच अक्ष लॉग केला तर रेघ सरळ राहत नाही आणि सगळा क्रम चुकतो. हे नवख्यांकडून हमखास होतं.

आपल्या २० न्यूटन प्रति मिमीच्या अटीला लागणारी जाडी आणि वजन:

| मटेरियल | E (गिगापास्कल) | घनता | जाडी (मिमी) | वजन (ग्रॅम) |
|---|---|---|---|---|
| माइल्ड स्टील | २१० | ७.८५ | २.९५ | १७४ |
| टायटॅनिअम | ११४ | ४.४३ | ३.६२ | १२० |
| काचतंतूवाला नायलॉन (ओलावा घेतलेला) | ६ | १.३५ | ९.६५ | ९८ |
| अ‍ॅल्युमिनिअम | ७० | २.७० | ४.२६ | ८६ |
| मॅग्नेशिअम | ४५ | १.७८ | ४.९३ | ६६ |
| विणलेला कार्बन फायबर पत्रा | ५५ | १.५५ | ४.६१ | ५४ |
| सागवान (रेषांच्या दिशेने) | १२ | ०.६५ | ७.६६ | ३७ |

सागवान पहिला येतो. पहिल्यांदा पाहणारे हसतात, पण आकडा बरोबर आहे.

या तक्त्यात अ‍ॅल्युमिनिअमचा ग्रेड लिहिलेला नाही, आणि तो विसरून राहिलेला नाही. ६०६१ असो, ५०५२ असो की महागडा ७०७५ असो, E ७० च्या आसपासच राहतो. स्टीलचंही तेच. एमएस आणि ईएन २४ यांच्या मजबुतीत मोठा फरक आहे, पण ताठपणात जवळजवळ नाही. ब्रॅकेट वाकतोय म्हणून वरचा ग्रेड घेणारे लोक मी बरेच पाहिले आहेत. तो ब्रॅकेट तेवढाच वाकतो, फक्त बिल वाढतं.

## ४. जे चालणारच नाही ते गाळा

निर्देशांक फक्त वजन सांगतो. फवारणीच्या ड्रोनवर ब्रॅकेट रोज औषधाने भिजतो, उन्हात वाळतो आणि थरथरतो. त्यामुळे यादी गाळावी लागते.

सागवान रेषांच्या आडव्या दिशेने दहापट किंवा त्याहून जास्त नरम असतो, ओला-सुका होताना फुगतो-आकसतो, आणि बोल्ट आवळला की वॉशरखाली दबतो. बोल्ट सैल होणं ड्रोनवर परवडत नाही. गेला.

काचतंतूवाल्या नायलॉनची डेटाशीट नीट वाचा. त्यात E चे दोन आकडे असतात, कोरड्या अवस्थेतला आणि ओलावा घेतल्यानंतरचा. कोरडा साडेनऊच्या आसपास दिसतो, ओला सहाच्या आसपास. पहिला आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो. औषधात भिजणाऱ्या भागाला अर्थातच दुसरा लावायचा. शिवाय नायलॉनला इंजेक्शन मोल्ड लागतो, आणि पन्नास-शंभर ब्रॅकेटसाठी मोल्ड कोणी करत नाही.

मॅग्नेशिअमचा पत्रा आपल्याकडे सहज मिळत नाही आणि ओल्या क्षारात तो लवकर खराब होतो. टायटॅनिअम अ‍ॅल्युमिनिअमपेक्षा जड पडतंय आणि महागही आहे, म्हणजे तेही गेलं.

अ‍ॅल्युमिनिअमवर एक प्रश्न राहतो, आणि आपल्या भागात तो विचारायलाच हवा. हाच ड्रोन तासगाव-पलूसकडे द्राक्षबागेत चालणार आहे का? बोर्डो मिश्रणात आणि इतर ताम्रयुक्त बुरशीनाशकांत तांबं असतं. उघड्या अ‍ॅल्युमिनिअमवर तांब्याचे क्षार पडले की तिथे बारीक खड्डे पडायला लागतात. पावडर कोटिंग किंवा अ‍ॅनोडायझिंग करावंच लागतं, आणि भोकं कोटिंगच्या आधी पाडावी लागतात. कोटिंग झाल्यावर भोक मोठं केलं की नेमका बोल्टखालचाच भाग उघडा पडतो. स्टेनलेस बोल्टखाली नायलॉनचा वॉशर द्या. कार्बन फायबर अ‍ॅल्युमिनिअमला थेट टेकला तरी ओलाव्यात अ‍ॅल्युमिनिअम खातो, म्हणून तिथेही मध्ये विद्युतरोधक थर हवा.

उरले तिघं: स्टील, अ‍ॅल्युमिनिअम, कार्बन फायबर.

## ५. जाडी बाजारातल्या पत्र्यावर आणा

४.२६ मिमीचा पत्रा कुठेच मिळत नाही. ४ मिमी घेतला तर ताठपणा ८३ टक्क्यांवर येतो आणि टोक १.२ मिमी खाली जातं, म्हणजे अट मोडली. ५ मिमी घेतला तर वजन ८६ वरून १०१ ग्रॅम होतं. स्टीलचा २.९५ मात्र ३ मिमीवर जवळजवळ नेमका बसतो, १७७ ग्रॅम. म्हणजे कागदावर अ‍ॅल्युमिनिअम निम्मं होतं, प्रत्यक्षात ५७ टक्के झालं.

तुलना नेहमी मिळणाऱ्या जाडीवर करा. पातळ पत्र्यात प्रत्यक्ष जाडी छापील जाडीपेक्षा थोडी कमी असू शकते, आणि ताठपणा घनाने बदलत असल्यामुळे तो फरक मोठा होतो. व्हर्नियर लावून मोजा.

## ६. दुमडून बघा, मग मटेरियल ठरवा

इथपर्यंतचा सगळा हिशेब सपाट पट्टीचा होता. पण कडा दुमडायला बंदी कोणी केली आहे? प्रेस ब्रेकवर दोन बेंड मारले की पट्टीचा चॅनल होतो.

१ मिमी स्टीलचा पत्रा घ्या, वरचा भाग ५० मिमी रुंद, आणि दोन्ही बाजूंना खाली वळवलेल्या कडा, एकूण उंची १० मिमी. सेक्शनचा जडत्व आघूर्ण (I) सुमारे ४५७ मिमी⁴ येतो, तर आपल्याला स्टीलमध्ये १०७ पुरतो. म्हणजे लागतो त्याच्या चौपट ताठ, आणि वजन ८० ग्रॅम. सपाट अ‍ॅल्युमिनिअमच्या पट्टीपेक्षाही हलका, आणि तोही स्टीलमध्ये.

आता अ‍ॅल्युमिनिअमचा १.५ मिमी पत्रा तसाच दुमडा. I ६४३ येतो, लागतो ३२१. दुप्पट ताठ, वजन ४१ ग्रॅम. सपाट कार्बन फायबरच्या ५४ ग्रॅमपेक्षा कमी.

चार्ट हे दाखवत नाही, कारण चार्ट सगळ्या मटेरियलना एकाच आकारात तोलतो. नवीन माणसाला माझा सल्ला असा की चार्टवरून दोन-तीन मटेरियल निवडा, प्रत्येकाला त्याच्या सोयीचा आकार द्या, आणि मगच वजनं शेजारी ठेवा. कार्बन फायबरचाही चॅनल करता येतो आणि तो सगळ्यांत हलका होईल. पण त्याला साचा लागतो, पत्रा कापून भागत नाही.

दुमडताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, ग्रेड. ताठपणाला ग्रेडचा फरक पडत नाही असं वर म्हटलं, पण बेंडिंगला पडतो. ६०६१-टी६ कमी त्रिज्येत वाकवला की बाहेरच्या बाजूने तडकतो. ५०५२-एच३२ घ्या, आतली त्रिज्या जाडीइतकी ठेवा, आणि बेंडची रेघ रोलिंगच्या दिशेला आडवी येईल असं नेस्टिंग करून मागा. नुसतं 'अ‍ॅल्युमिनिअम पत्रा' म्हणून मागितलं तर शुद्ध अ‍ॅल्युमिनिअमचा मऊ पत्रा हाती येऊ शकतो. तो मस्त वाकतो, पण पहिल्या धक्क्यात वाकलेलाच राहतो.

दुसरी, कडा मुळापर्यंत न्या. जिथे ब्रॅकेट ड्रोनच्या हाताला मिळतो तिथे बोल्टला जागा व्हावी म्हणून कडा कापून टाकतात. नेमका तिथेच वाकवणारा आघूर्ण सर्वांत जास्त असतो. कडा निदान पहिल्या बोल्टच्या मागेपर्यंत गेली पाहिजे. ती कापली तर मुळाशी दीड मिमीची सपाट पट्टीच उरते आणि चॅनलचा सगळा हिशेब वाया जातो.

तिसरी, कडा खाली. वर वळवल्या तर ब्रॅकेटची पन्हळ होते आणि त्यात औषध साचून राहतं.

मजबुतीही याच टप्प्यावर बघून घ्या. मुळाशी आघूर्ण ३,००० न्यूटन-मिमी, आणि १० मिमीच्या अ‍ॅल्युमिनिअम चॅनलमध्ये कडेच्या टोकाला ताण ३७ मेगापास्कल येतो. ५०५२-एच३२ चा यील्ड १९० च्या आसपास आहे. बोल्टची भोकं वरच्या सपाट भागात असतात, तिथे ताण आणखी कमी. ताठपणासाठी डिझाइन केलेल्या ब्रॅकेटमध्ये मजबुती बहुतेक वेळा आपोआप मिळते, तरी आकडा काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ७. पंख्याच्या वेगाशी गाठ पडते का ते बघा

१ मिमीची अट पाळली तरी ड्रोनवर एक गोष्ट राहते. ब्रॅकेट आणि टोकाचं वजन मिळून स्वतःच्या एका वारंवारतेने थरथरतात, आणि ती पंख्याच्या फिरण्याशी जुळली तर थरथर वाढत जाते. सूत्र साधं आहे. k न्यूटन प्रति मीटरमध्ये, m टोकाचं वजन किलोत:

```
f = (1/(2·π)) · sqrt(k/m)
```

समजा तुमच्या ड्रोनचे पंखे उडताना २,७०० ते ३,३०० आरपीएमवर फिरतात. साठने भागलं की ४५ ते ५५ हर्ट्झ. पंख्याला दोन पाती असतील तर त्याच्या दुप्पट, म्हणजे ९० ते ११० हर्ट्झचाही धक्का बसतो. खरा आकडा तुमच्या मशीनचा घ्या.

सपाट पट्टीचा ताठपणा २० न्यूटन प्रति मिमी, वारंवारता ३२ हर्ट्झ. १० मिमी कडांचा अ‍ॅल्युमिनिअम चॅनल ४० न्यूटन प्रति मिमी, म्हणजे ४५ हर्ट्झ. वजनाच्या हिशेबात सर्वांत चांगला दिसणारा पर्याय नेमका पंख्याच्या पट्ट्यात जाऊन बसला!

उपाय स्वस्त आहे. कडांची उंची १० वरून १५ मिमी करा. I २,१०० च्या वर जातो, ताठपणा १३१ न्यूटन प्रति मिमी होतो, वारंवारता सुमारे ८१ हर्ट्झ, आणि वजन ४१ वरून फक्त ४७ ग्रॅम. दोन्ही पट्ट्यांच्या मधली जागा मिळाली. याच मापाचा १ मिमी स्टीलचा चॅनल ९२ ग्रॅमचा होतो आणि ११८ हर्ट्झवर बसतो.

## ८. एका ग्रॅमची किंमत ठरवा

आता खर्च. दुसरा चार्ट काढायचा, आडव्या अक्षावर तयार ब्रॅकेटचं वजन आणि उभ्यावर तयार ब्रॅकेटचा खर्च. इथे अक्ष साधे, लॉग नाही. प्रत्येक पर्याय म्हणजे एक ठिपका.

खालचे भाव हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या कोटेशनचे घाला. स्टील ७५ रुपये किलो, अ‍ॅल्युमिनिअम ३२० रुपये किलो, कार्बन पत्रा ६,००० रुपये किलो. लेझर, बेंड आणि कोटिंग मिळून स्टीलला नगाला ९० रुपये, अ‍ॅल्युमिनिअमला ११०. कार्बनला कटिंगचे १५०.

स्टीलचा चॅनल: ९२ ग्रॅम, ९७ रुपये. अ‍ॅल्युमिनिअमचा चॅनल: ४७ ग्रॅम, १२५ रुपये. सपाट कार्बन: ५४ ग्रॅम, साधारण ४७० रुपये. कार्बनचा ठिपका अ‍ॅल्युमिनिअमपेक्षा उजवीकडेही आहे आणि वरही, म्हणजे जडही आणि महागही. असा ठिपका कुठल्याही हिशेबात जिंकू शकत नाही. खोडून टाका.

एक बघा, मटेरियलचा भाव अ‍ॅल्युमिनिअममध्ये चौपट असला तरी ब्रॅकेटमागे मटेरियलचा फरक आठ रुपयांचाच आहे. खर्च मजुरीत आणि कोटिंगमध्ये बसलेला आहे. फक्त किलोचा भाव बघून अ‍ॅल्युमिनिअम 'महाग' ठरवू नका. लांबी-रुंदी मोठी झाली की हे चित्र बदलतं, तेव्हा पुन्हा मांडा.

उरले दोन. अ‍ॅल्युमिनिअमला २८ रुपये जास्त, त्यात ४५ ग्रॅम वाचतात, म्हणजे ग्रॅममागे सुमारे ६२ पैसे. प्रश्न एवढाच की या मशीनवर एक ग्रॅम वाचणं ६२ पैशांपेक्षा जास्त मोलाचं आहे का.

ड्रोनवर चार ब्रॅकेट मिळून १८० ग्रॅम वाचतात. टाकीत जागा असेल आणि एकूण वजनाची मर्यादाच आड येत असेल, तर तेवढं, म्हणजे सुमारे १८० मिली औषध जास्त नेता येतं. एकराला १० लिटर आणि एकराची फवारणी ४०० रुपये धरली तर एका उड्डाणाला सात रुपयांच्या आसपास. पाचशे उड्डाणांत सुमारे ३,६०० रुपये, म्हणजे ग्रॅमला २० रुपये. हा अंदाज उदार आहे. टाकी आधीच काठोकाठ भरत असेल तर फायदा थोड्या जास्त उड्डाणवेळापुरताच राहतो. म्हणून दहावा हिस्सा धरा, ग्रॅमला २ रुपये. तरीही ६२ पैशांपेक्षा तिप्पट. अ‍ॅल्युमिनिअम घ्या.

आता हाच ब्रॅकेट द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरवर लावायचा आहे असं समजा. तिथे १८० ग्रॅमची किंमत शून्य. स्टील जिंकतं, फक्त गंजाचा प्रश्न बघून एमएसऐवजी ३०४ स्टेनलेस घ्यावं लागेल. E जवळपास तोच, वजन किंचित जास्त. भाग एकच असला तरी कुठल्या मशीनवर बसणार हे न विचारता मटेरियल सांगता येत नाही.

## ९. एक नग बनवून मोजा

पन्नास नगांची ऑर्डर देण्याआधी एक बनवा. आधी तो मुळाशी जाड प्लेटवर बोल्टने घट्ट बांधा, टोकाखाली डायल गेज लावा, शून्य करा आणि टोकाला दोन किलो टांगा. १३१ न्यूटन प्रति मिमीप्रमाणे ०.१५ मिमी दिसायला हवं. वजन काढल्यावर सुई शून्यावर परत येते का तेही बघा. येत नसेल तर बोल्ट सरकतोय किंवा पत्रा मऊ आहे.

मग तीच तपासणी ड्रोनच्या हातावर बसवून करा. गेजचा स्टँड हातावरच टेकवा, टेबलावर नाही, नाहीतर सगळ्या ड्रोनचं झुकणं त्यात मिसळेल. इथे आकडा वाढतोच, कारण हाताची भिंत आणि बोल्टची बैठक दोन्ही थोडं दबतात. ०.२ मिमी आलं तर ताठपणा १०० आणि वारंवारता ७१ हर्ट्झ, चालेल. ०.४ मिमी आलं तर ताठपणा ५० वर आला आणि वारंवारता ५० हर्ट्झवर, पंख्याच्या पट्ट्यात. अशा वेळी ब्रॅकेटचा पत्रा जाड करून उपयोग नाही, दोष मुळाशी आहे. बोल्टमधलं अंतर वाढवा किंवा हाताच्या आतून दोन मिमीची आधारपट्टी द्या, आणि पुन्हा मोजा.

## १०. ड्रॉइंगवर हे लिहून पाठवा

शॉपकडे जाणाऱ्या ड्रॉइंगवर मटेरियलच्या रकान्यात 'अ‍ॅल्युमिनिअम' एवढंच राहू देऊ नका. आपल्या ब्रॅकेटसाठी मी लिहीन:

- पत्रा ५०५२-एच३२, जाडी १.५ मिमी, मिल टेस्ट सर्टिफिकेटसह. पर्यायी ग्रेड विचारल्याशिवाय नाही.
- बेंडची आतली त्रिज्या १.५ मिमी, बेंड रोलिंगच्या दिशेला आडवा.
- कडांची उंची १५ मिमी, पहिल्या बोल्टच्या मागेपर्यंत अखंड. रिलीफ कट मुळाशी चालणार नाही.
- सगळी भोकं आणि कडा घासून साफ केल्यानंतरच पावडर कोटिंग.
- तपासणी: मुळाशी बांधून टोकाला २ किलो, झुकणं ०.२ मिमीच्या आत.

शेवटची ओळ शॉपवाल्याला खटकते, त्याला ते तुमचं काम वाटतं. ती काढू नका. पुढच्या लॉटमध्ये पत्रा बदलला तर ती एकच ओळ तो बदल पकडते.